करंट रेशो २ असला म्हणजे धंदा ठणठणीत का?

प्रश्न: ओळखीच्या वर्कशॉपमध्ये भागीदारी घ्यायची आहे. सध्या एकट्याच्या मालकीचं आहे. करंट रेशो २, निव्वळ नफा ५ टक्के. धंदा ठणठणीत म्हणायचा का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. आधी त्या २ च्या आत काय आहे ते बघा.

समजा वर्षाची विक्री १२० लाख, नफा ६ लाख. चालू मालमत्ता ४० लाख: माल १४, उधारी २४, रोख २. वर्षभरात द्यायची देणी २० लाख. चालू मालमत्तेला या देण्यांनी भागलं की करंट रेशो बरोबर २ येतो. पण २४ भागिले १२० गुणिले ३६५ केलं की उधारी सरासरी ७३ दिवसांनी वसूल होते असं दिसतं. गिऱ्हाइकांना ४५ दिवसांची मुदत असेल तर कुठेतरी पैसे अडकलेत.

म्हणून उधारीची वयवार यादी मागाच. त्यात १० लाख वर्षापेक्षा जुने निघाले तर ते बाजूला काढा. करंट रेशो १.५ वर येतो. न विकलेला मालही वगळला तर २० लाखांच्या देण्यांसमोर फक्त १६ लाख उरतात. ते १० लाख बुडीत धरले तर वर्षाचा नफा पुसला जाऊन वर ४ लाखांचा तोटा दिसतो.

नफ्याचंही तसंच. एकट्याच्या मालकीत मालक स्वतःसाठी काढतो ती रक्कम खर्चात धरत नाहीत. त्याच्या कामाला महिना ४० हजार पगार लावला, तर ६ लाखांतले १.२ लाखच उरतात, म्हणजे विक्रीच्या १ टक्का.

शिवाय ताळेबंद फक्त ३१ मार्चचा असतो. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचा वर्षभराचा उतारा मागा. खातं कायम मर्यादेला टेकलेलं असेल, तर माझ्या मते थांबा.