कॅथेटरनंतर कातडी पुढे आणलीत का?

रुग्णसेवेत नवीन आहात, म्हणून एवढंच सांगते. कॅथेटर घालताना किंवा पुसून घेताना लिंगाची कातडी मागे सारली, की काम संपताच ती पुढे आणायचीच. नवख्यांकडून नेमकं हेच राहतं. मागे अडकलेली कातडी रबरबँडसारखी आवळते. रक्त टोकात येतं पण परत जात नाही, सूज चढते आणि वेढा आणखी घट्ट होतो. शेवटी रक्त यायचंही थांबतं, टोक मरू शकतं.

सुजलेला भाग मुठीत धरून काही मिनिटं सलग दाबा, मग अंगठ्यांनी टोक मागे ढकलत कातडी पुढे घ्या. जमलं नाही किंवा टोक काळंनिळं दिसलं, तर ताबडतोब इमर्जन्सीत न्या. सकाळपर्यंत थांबू नका. बोलू न शकणारा पेशंट दुखतंय म्हणणार नाही, त्याचं तुम्हीच बघायचं.