व्हिलनच्या पंटरांची नावं: कुबड्या खवीस ते दत्तोपंत खंडणीस

प्रश्न: "गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर अर्ध्या तासाचं विनोदी नाटुकलं करतोय, जुन्या मराठी पिक्चरच्या स्टाइलचं. व्हिलनचे चार पंटर आहेत, एक गाडी चालवतो, एक तिजोऱ्या उघडतो, एक खंडणीचा हिशोब ठेवतो आणि एक बातम्या काढतो. नाव ऐकून हसू यायला हवं आणि काम पण कळायला हवं. आम्हाला 'डेंजर ड्रायव्हर' असलंच काहीतरी सुचतंय. मराठीत अशी नावं बनवायची कशी?"

जुने पिक्चर डोळ्यासमोर असतील तर आधी तीच नावं नीट ऐका. महेश कोठारेंच्या 'थरथराट'मधला (1989) टकलू हैवान, 'धडाकेबाज'मधला (1990) कवट्या महाकाळ, आणि 'झपाटलेला'मधले (1993) तात्या विंचू आणि त्याचा साथीदार कुबड्या खवीस. सगळ्यांचा साचा एकच आहे, मागचा शब्द घाबरवणारा (हैवान, महाकाळ, विंचू, खवीस) आणि पुढचा शब्द अगदी आपल्या गल्लीतला. टकलू, कुबड्या ही पोरांनी एकमेकांना चिडवायची नावं, आणि तात्या तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मारायची हाक. हसू येतं ते या दोन शब्दांच्या सांध्यावर. नुसतं 'खवीस' म्हटलं तर भुताची गोष्ट, नुसतं 'कुबड्या' म्हटलं तर चिडवाचिडवी, दोन्ही जोडलं की पिक्चरमधला गुंड तयार.

आता कुबड्या आणि कवट्या यातला शेवटचा 'या' बघा, कारण तुमचं निम्मं काम तोच करणार आहे. मराठीत हा 'या' दोन वेगळ्या कामांना लागतो. एक म्हणजे 'ती गोष्ट असलेला' या अर्थाने, कुबड असलेला तो कुबड्या, कवटीसारखं तोंड असलेला तो कवट्या. दुसरं म्हणजे सलगीने किंवा कमी लेखून हाक मारताना, गणूचा गण्या, रामचा राम्या, प्रकाशचा पक्या. पंटरच्या नावात हे दोन्ही अर्थ एकदम लागू होतात, त्याची ओळखही कळते आणि बॉस त्याला काय किमतीचा समजतो तेही कळतं. गंमत म्हणजे 'कवट्या' हे 'कवटी'चं अनेकवचन पण आहे, तरी कोणाचा गोंधळ होत नाही, कारण 'कवट्या आल्या' म्हटलं की हाडं आणि 'कवट्या आला' म्हटलं की माणूस.

पण ही नावं शरीरावरून आहेत, कामावरून नाहीत, आणि तुम्हाला काम हवंय. (शिवाय समोर सोसायटीतली लहान मुलं बसणार, कोणाच्या कुबडावर किंवा टकलावर हशा घ्यायला मला तरी नको वाटतं.) कामावरून नाव करायची सोय त्याच 'या'मध्ये आहे, फक्त तो क्रियापदाला लावायचा. लाकूड तोडतो तो लाकूडतोड्या, आग लावतो तो आगलाव्या, घर फोडतो तो घरफोड्या. म्हणजे आधी वस्तू, मग क्रियापदाचा धातू, मग 'या'. याचा भाऊ म्हणजे 'ऊ', खिसेकापू आणि वेळकाढू त्यातले.

या हिशोबाने तिजोरीवाला 'तिजोरीफोड्या' होईल, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात आणि मग हशा येत नाही. कारण ते नाव बरोबर आहे, पण नुसतंच बरोबर आहे, घरफोड्यासारखं पेपरातल्या बातमीत खपून जाईल. हसू हवं असेल तर वस्तू बरोबर ठेवा आणि क्रियापद एक पायरी चुकवा. हा माणूस कुलपाला कान लावून, हळूच हात फिरवून ते उघडतो ना, मग तो 'कुलूपकुरवाळ्या'. कुरवाळायचं ते मांजराला नाहीतर लेकराला, कुलपाला कोण कुरवाळतं? पण काम लगेच कळतं, दोन्ही शब्द 'कु'ने सुरू होतात म्हणून जिभेवर बसतं, आणि नाव लांब असलं तरी बॉस घाईत नुसतं 'कुरवाळ्याऽऽ' असं ओरडू शकतो. लांब नाव ठेवताना त्याचा तुकडा पडतो का हे आधी बघूनच ठेवा.

ड्रायव्हरसाठी वाक्प्रचार फोडा. धूम ठोकणे म्हणजे घाबरून पळून जाणे, म्हणून त्याचं नाव 'धूमठोक्या'. पळणं हा एरवी भित्र्याचा दोष, पण चोरांच्या गाडीच्या ड्रायव्हरचा तोच धंदा. आणि यातून तुम्हाला एक सीन फुकट मिळतो, पोलिसांची शिट्टी ऐकली की हा बाकीच्यांना न घेताच गाडी काढतो. नावातूनच स्वभाव आणि सीन निघाला की ते नाव पक्कं समजा.

हिशोबवाल्याला मात्र मी 'या' लावणार नाही. चारही नावं 'या'वर संपली की बडबडगीत होतं आणि कोण कोणता ते प्रेक्षकांच्या लक्षात राहत नाही. तो कारकुनी माणूस आहे, त्याला आडनाव द्या, कारण आपल्याकडे कितीतरी आडनावं मुळात हुद्देच आहेत. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्यातला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. मग खंडणी लिहून ठेवणारा कोण? खंडणीनीस, आणि दोन सारखे आवाज एकमेकांत मिसळले की 'खंडणीस'. 'खंडणी'ला नुसता एक 'स' लागलाय, पण ऐकायला थेट पेशव्यांच्या दप्तरातला माणूस वाटतो. पुढे 'दत्तोपंत' लावा, दत्तोपंत खंडणीस, काखेत चोपडी, कानावर पेन्सिल. मला तुमच्या चौघांत हे सगळ्यात जास्त आवडलंय, कारण इथे साचा जरा बदललाय, पुढचा भाग आदराचा आणि भीती आडनावात लपलेली.

बातम्या काढणाऱ्यालाही आडनावच चालेल. कोल्हा-कोल्हे, लांडगा-लांडगे अशी आडनावं आपल्याकडे आहेतच, तसं सुगावा-सुगावे. 'बाळू सुगावे'. हे खंडणीससारखं मोठ्याने हसवणार नाही, पण "सुगाव्यांना सुगावा लागला का?" असं बॉसने विचारलं की काम होतं. एवढंच बघा की बनवलेलं आडनाव तुमच्या सोसायटीत किंवा ओळखीत खरोखर कोणाचं नाही, नाहीतर स्टेजवरचा चोर आणि पहिल्या रांगेतलं कुटुंब एकाच नावाचे निघायचे.

संवाद लिहिताना विभक्तीकडेही लक्ष द्या. 'या'वाली नावं सोपी आहेत, धूमठोक्याने, धूमठोक्याला, मूळ नाव तसंच राहतं आणि हाक मारताना शेवटचा 'आ' विंगेपर्यंत ताणता येतो. वस्तूचं किंवा प्राण्याचं नाव माणसाला दिलं की मात्र ते एरवीसारखं बदलत नाही. आपण 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतो, पण 'तात्या विंचवाचा' कोणी म्हणत नाही, 'तात्या विंचूचा' म्हणतात. म्हणून पुढेमागे मारामारीसाठी पाचवा पंटर घेतलात आणि त्याला 'नाना वरवंटा' म्हणालात (मी तरी तेच म्हणेन), तर 'वरवंट्याने चटणी वाटली' पण 'नाना वरवंटाने हाडं मोडली' असं लिहा, दगड आणि माणूस वेगळे कळतील.

आणि चौघांपैकी एखादं काम बाईकडे गेलं तर धूमठोक्याची 'धूमठोकी' होईल, रम्या-रमीसारखी, पण ते जरा उपरं वाटतं. आडनावांना तो प्रश्नच नाही, 'खंडणीसबाई' तर दत्तोपंतांपेक्षाही जास्त जरब बसवतील.