पावती कोणाच्या नावावर?

मी म्हापशात आर्किटेक्ट आहे. एका बंगल्याच्या कामात पंचायतीची परवाना फी मीच भरली, स्ट्रक्चरल इंजिनियरचे पैसेही दिले. बिलात सगळा एकच आकडा लिहू की वेगवेगळे?

वेगवेगळे लिहाच. पण वेगळी ओळ पाडली म्हणून खर्च करमुक्त होत नाही, आणि नेमकी तिथेच गफलत होते.

जीएसटीच्या नियम ३३ मध्ये 'प्युअर एजंट'ची तरतूद आहे. क्लायंटच्या संमतीने तुम्ही त्याच्यासाठी तिसऱ्याला पैसे दिले, ती सेवा तुमच्या स्वतःच्या सेवेव्यतिरिक्त आहे, तुम्ही ती स्वतःसाठी वापरली नाही, जेवढे भरले तेवढेच घेतले आणि बिलात ती रक्कम वेगळी दाखवली, तर तिच्यावर तुम्हाला जीएसटी लावावा लागत नाही. तुमच्यात तसा करारही हवा. तोंडी चालून जाते असे समजू नका. कामाच्या पत्रात 'परवाना फी तुमच्या वतीने भरून प्रत्यक्ष रकमेइतकी वसूल करू' एवढे वाक्य घालून सही घ्या.

आता तुमचे खर्च बघू. समजा तुमची फी ६०,००० आहे. पंचायतीला २२,४०० भरले आणि पावती घरमालकाच्या नावावर आहे. इंजिनियरने १५,००० अधिक जीएसटीचे बिल तुमच्या नावाने दिले. प्रवास आणि प्रिंट यांना ३,५०० गेले.

पंचायतीची फी घरमालकाचेच देणे, त्यामुळे ती बाहेर राहते. इंजिनियरची गोष्ट निराळी. त्याला काम तुम्ही सांगितले, बिल तुमच्या नावाने आले, त्याचे डिझाइन तुमच्या नकाशात गेले. म्हणजे तो तुमच्या सेवेचा खर्च झाला. त्याच्यावरच्या २,७०० रुपये जीएसटीचे क्रेडिट तुम्ही घ्यायचे आणि क्लायंटच्या बिलात १५,००० धरायचे. प्रवास आणि प्रिंटही तुमच्याच सेवेतले. बिलात 'रीइम्बर्समेंट' असा शब्द लिहिला तरी त्यांच्यावर कर लागतो.

तेव्हा करपात्र रक्कम ७८,५००. त्यावर १८ टक्क्यांनी १४,१३०, निम्मा सीजीएसटी आणि निम्मा एसजीएसटी. बेरीज ९२,६३०. त्याखाली वेगळ्या शीर्षकाने 'आपल्या वतीने भरलेली पंचायत परवाना फी, पावती क्रमांक व तारीख, २२,४००'. एकूण १,१५,०३०. हीच फी वरच्या बेरजेत घातली असती तर घरमालकाला ४,०३२ रुपये जास्त पडले असते, आणि घर बांधणाऱ्या माणसाला त्याचे क्रेडिटही मिळत नाही. (घरमालक पुण्यात राहत असला तरी जागा गोव्यात आहे, म्हणून आयजीएसटी लावू नका.)

फोंड्यात परवाने काढून देण्याचे काम करतो. जीएसटी नोंदणी नाही. मग वेगळे दाखवून फायदा काय?

आहे, आणि तो नोंदणीच्या मर्यादेपाशी आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. तुमच्या धंद्यात स्वतःची फी कमी आणि सरकारी शुल्क मोठे. दोन्ही एका आकड्यात लिहिलेत तर कागदावर सगळीच तुमची उलाढाल दिसते, आणि शुल्क तुमचे नव्हते हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ग्राहकाचे संमतीपत्र, चलनावर त्याचे नाव आणि तुमच्या वहीत त्या पैशांचे वेगळे खाते, एवढे सांभाळा. शुल्कासाठी आगाऊ घेतलेले पैसे उत्पन्नात न टाकता त्याच खात्यात जमा करा. उरले तर परत द्या. 'राहू दे' म्हणत ठेवून घेतलेत की ती तुमची फी झाली.

वास्कोची कंपनी माझ्या पूर्ण बिलावर टीडीएस कापते, भरलेल्या सरकारी शुल्कावरसुद्धा. बरोबर आहे का?

अकाउंट्सवाल्यावर लगेच चिडू नका. प्राप्तिकर खात्याच्या १९९५ च्या परिपत्रक ७१५ मध्ये खर्चभरपाई बिलातून वगळून टीडीएस मोजता येणार नाही असे म्हटले आहे, आणि तो त्यावर बोट ठेवतो. दुसरीकडे, फी आणि प्रत्यक्ष खर्च पुराव्यांसह वेगळे मागितले असतील तर खर्चावर कपात नको, असे अनेक निवाडे आहेत. म्हणून बिलात शुल्क वेगळ्या भागात दाखवाच, जीएसटीला ते हवेच आहे. शिवाय त्या रकमेसाठी मूळ पावत्या जोडलेली स्वतंत्र मागणी-नोट द्या आणि तिच्यावर बिलाचा क्रमांक लिहा. तीच रक्कम दोनदा मागितल्यासारखी दिसू नये म्हणून 'बिलातील भाग ब प्रमाणे' असे स्पष्ट म्हणा.

तरीही कापलाच तर पैसा बुडत नाही, रिटर्नमध्ये क्रेडिट मिळते. फक्त २६एएस मधली रक्कम तुमच्या उत्पन्नापेक्षा मोठी दिसेल. त्या फरकाचा तक्ता तयार ठेवा, नोटीस आली की तोच लागतो.

शुल्क ४,८५० झाले तर ५,००० लावले तर चालेल?

नाही. वरचे १५० घेतलेत की 'प्रत्यक्ष रकमेइतकेच' ही अट मोडते आणि सवलत धोक्यात येते. धावपळीचे पैसे हवे असतील तर ते तुमच्या फीमध्ये घाला आणि त्यावर जीएसटी लावा.