डब्याचा रोजचा मेनू असा लिहा की पुन्हा कोणी विचारणार नाही

«मी इंदूरला सुदामा नगरात घरगुती डबे देते, रात्रीचे साधारण तीस. रोज व्हॉट्सॲपवर मेनू टाकते, तरी "आज काय आहे", "आत्ता सांगितलं तर चालेल का", "माझा धरला ना" हे चालूच राहतं. मेसेज कसा लिहू?»

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एकाच मेसेजवर दोन तऱ्हेचे लोक अवलंबून असतात म्हणून. महिन्याचे पैसे भरलेल्याने काही कळवलं नाही, तर त्याचा डबा असतो. रोज सांगणाऱ्याने काही कळवलं नाही, तर नसतो. हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसलं की दोघेही विचारतात. म्हणून दोघांच्या याद्या वेगळ्या करा. महिनेवाल्यांना मेनूखाली एकच ओळ पुरते: "डबा येणारच आहे, नको असेल तरच ३ पर्यंत 'नको' लिहा."

रोजवाल्यांसाठी असं लिहा (भाव तुमचे घाला):

मंगळवार १४, रात्रीचा डबा
*ऑर्डर दुपारी ३ पर्यंत*
भरली वांगी, मुगाचं वरण, भात, ५ पोळ्या, काकडीची कोशिंबीर
कांदा-लसूण: वांग्यात आहे, वरणात नाही
पूर्ण ९०, भाताशिवाय ८०
असं लिहा: जोशी २ पूर्ण
डबा ७:१५ ते ८ मध्ये येईल
३ नंतर रद्द केल्यास पैसे लागतील

पहिल्या ओळीत "आज" नको, वार आणि तारीख हवी. काल रात्री न उघडलेला मेसेज माणूस आज सकाळी वाचतो आणि तो आजचाच समजतो. वेळेची ओळ दुसरी ठेवा, कारण लांब मेसेज दुमडला जातो आणि खालच्या ओळी उघडल्याशिवाय दिसत नाहीत. ओळीच्या दोन्ही टोकांना * लावलं की ती ठळक होते. कांदा-लसणाची ओळ इंदुरात गाळू नका. इथे जैन घरं भरपूर आहेत आणि हा प्रश्न रोजचा आहे. हिंदी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना हिंदीतला मेसेज वेगळा पाठवा. दोन्ही भाषा एकाखाली एक लिहिल्या की मेसेज लांबतो आणि दुमडला जाऊ शकतो.

३ ही वेळ मनाने ठरवायची नसते, ती पोळ्यांवरून मागे मोजत काढायची. तीस डब्यांच्या दीडशे पोळ्या. किलोभर कणकेच्या साधारण तीस-बत्तीस होतात, म्हणजे पाच किलोच्या आसपास कणीक लागेल. एका तव्यावर मिनिटाला एक धरली तरी अडीच तास जातात. सातला डबे भरायचे तर साडेचारला तवा तापलेला हवा, आणि कणीक अर्धा तास मुरायची तर ती चारला मळून तयार हवी. त्याआधी बेरीज करायची, कमी पडली तर वांगी आणायची, कणीक मळायची, याला एक तास. म्हणून ३. दुपारच्या डब्याला हाच हिशोब केला, तर उसळीचे हरभरे रात्रीच भिजत घालावे लागतात; तेव्हा त्याची वेळ आदल्या रात्रीची, नऊच्या सुमाराची, ठेवावी लागते.

वेळ मोडते ती बहुतेक आपल्याच हातून. सव्वातीनला एकाला "बरं, देते" म्हटलं की उद्या चारजण सव्वातीनला विचारतात. त्यापेक्षा उशिरा येणाऱ्याला ठरलेलं एकच उत्तर द्या: "यादी बंद झाली. डबे उरले तर ६ वाजता इथेच टाकीन." व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये हे उत्तर साठवून ठेवता येतं, रोज टाइप करावं लागत नाही. आणि उरले तर सहाला खरंच टाका, नाहीतर पाचपासून विचारणा सुरू होते.

"माझा धरला ना" थांबवायला प्रत्येक ऑर्डरवर ✅ ची खूण करा आणि एकदा सगळ्यांना सांगा: खूण दिसली म्हणजे डबा नक्की. मेनूवर गिऱ्हाइकाने नुसता अंगठा दिला तर ती ऑर्डर धरू नका, कारण त्यातून पूर्ण की बिनभाताचा, आणि किती, हे कळत नाही.

कोणी "मला मेनू आलाच नाही" म्हणालं तर आधी त्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय का ते विचारा. ब्रॉडकास्टचा मेसेज नंबर साठवलेल्यांनाच जातो. ग्रुप असेल तर त्यात फक्त ॲडमिन लिहू शकेल अशी सेटिंग ठेवा आणि ऑर्डर वैयक्तिक मागवा. नाहीतर दहा ऑर्डरींखाली मेनू वर सरकतो आणि अकरावा पुन्हा विचारतो.

वांगी चांगली मिळाली नाहीत आणि भाजी बदलली, तर नवा पूर्ण मेनू पाठवू नका. दोन मेनू दिसले की कोणता खरा असा प्रश्न येतो. पंधरा मिनिटांच्या आत असाल तर आधीचाच मेसेज दुरुस्त करा, नंतर असेल तर एकच ओळ: "बदल, मंगळवार रात्र: वांग्याऐवजी फ्लॉवर-बटाटा." रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, त्या भागात डबे जात असतील तर पोहोचायची बदललेली वेळ आदल्या दिवशीच्या मेनूतच लिहा.