हॉटेलच्या पूलमध्ये मूल बुडाले, तर जबाबदार कोण?

प्रश्न: हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये लहान मूल बुडून गेले. ‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहा’ असा बोर्ड होता. हॉटेल सुटते का?

नाही, नुसत्या बोर्डने हॉटेल सुटत नाही. पाहुण्यांसाठी पूल चालवणाऱ्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य असतेच. कोवळमच्या हॉटेलमध्ये एक प्रौढ पाहुणा बुडाला, तेव्हा लाइफगार्डला बारटेंडरचेही काम दिलेले होते. ग्लास भरणारा माणूस पाण्यावर काय नजर ठेवणार! सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते हॉटेल चालवणाऱ्या केरळ पर्यटन विकास महामंडळाला जबाबदार धरले. म्हणून त्या वेळी लाइफगार्ड कुठे होता, हे आधी शोधा. सीसीटीव्ही फुटेज पुसले जाण्याआधी लेखी मागा. ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते. मात्र लाइफगार्डला फौजदारी शिक्षा व्हायची, तर मृत्यू थेट त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाला हे सिद्ध करावे लागते.