डीड ऑफ ॲडहिअरन्स: सही करण्याआधी विचारा, मी कोण म्हणून सामील होतोय?

प्रश्न: मी एका कंपनीत तांत्रिक प्रमुख आहे. ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या माझ्या ऑप्शन्सचे आता २,००० शेअर होणार आहेत. शेअर देण्याआधी एका पानाच्या ‘डीड ऑफ ॲडहिअरन्स’वर, म्हणजे आधीच्या करारात सामील होण्याच्या दस्तावर, सही मागितली आहे. त्यात लिहिलंय की भागधारक करार ‘मी मूळ पक्षकार असल्याप्रमाणे’ मला लागू राहील. मूळ करार मागितला तर “तो गोपनीय आहे, हा ठरलेला फॉर्म आहे, नवा गुंतवणूकदारही हाच भरतोय” असं उत्तर मिळालं. सही करू का?

उत्तर: आज नको. आधी मूळ करार हातात घ्या, सगळ्या परिशिष्टांसकट. गोपनीयतेची अडचण असेल तर गोपनीयतेच्या पत्रावर सही करून प्रत मागा. तुमच्या त्या एका पानात बहुधा ‘मला कराराची प्रत मिळाली असून मी ती वाचली आहे’ असंही एक वाक्य असेल. शोधून बघा. त्याखाली सही केलीत की “मला करार दाखवलाच नव्हता” हे नंतर सांगून उपयोग होत नाही.

प्रत आली की पहिल्यांदा तारीख जुळवा. डीडमध्ये करार कोणत्या तारखेचा म्हटलाय? मधल्या काळात नवी गुंतवणूक आली असेल तर बऱ्याचदा जुना करार रद्द करून सगळा मजकूर नव्यानं लिहिलेला असतो, आणि फॉर्ममधली तारीख बदलायची मात्र राहून गेलेली असते. मग तुम्ही अस्तित्वातच नसलेल्या करारात सामील होता. अर्थ काय लावायचा यावर पुढे वाद होतो आणि तो कुणाच्या बाजूनं सुटेल हे आधी सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘मूळ पक्षकार असल्याप्रमाणे’ हे शब्द अर्धवट आहेत, कारण मूळ करारातले पक्षकार एकसारखे नसतात. साधारणपणे संस्थापक आणि गुंतवणूकदार असे दोन गट असतात आणि दोघांच्या जबाबदाऱ्या पार वेगळ्या. संस्थापकांनी कंपनीच्या हिशेबांबद्दल, करांबद्दल, दाव्यांबद्दल गुंतवणूकदाराला हमी दिलेली असते, ती पुष्कळदा संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारीनं. म्हणजे एकाकडून पूर्ण नुकसानभरपाई मागता येते. शिवाय स्पर्धा न करण्याचं बंधन आणि नोकरी सोडल्यास शेअर परत देण्याची अटही त्यांच्यावर असते. गुंतवणूकदाराकडे नकाराधिकार, माहिती मिळवण्याचा हक्क, संचालक नेमण्याचा हक्क. तुम्ही यांतले कोण? फॉर्म गप्प असेल तर उत्तर व्याख्यांच्या कलमात सापडतं. काही करारांत ‘संस्थापक’ म्हणजे ‘परिशिष्टात नाव असलेल्या व्यक्ती आणि गुंतवणूकदार वगळता नंतर सामील होणारी प्रत्येक व्यक्ती’ अशी व्याख्या असते. तसं असेल तर तुम्ही कंपनीत येण्याआधी दिलेल्या हमीचं ओझंही तुमच्या डोक्यावर आहे, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

याचा परिणाम आकड्यांत बघा. समजा ऑप्शन वापरताना तुम्ही प्रत्येक शेअरला दर्शनी किमतीच्या चौपट रक्कम भरली. संस्थापकांच्या कलमात लिहिलंय की पाच वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा दिला तर तो ‘बॅड लीव्हर’, म्हणजे अटींविरुद्ध कंपनी सोडणारा, आणि त्याचे शेअर दर्शनी किमतीला परत घेतले जातील. तुम्ही संस्थापक ठरलात आणि दोन वर्षांनी नोकरी सोडलीत, तर २,००० शेअरसाठी भरलेल्या पैशातला चौथा हिस्सा परत मिळेल. कंपनीची किंमत मधे दसपट झाली असली तरीही. तुमच्या ऑप्शन योजनेत असलं काही नसेल. ते डीडच्या वाटेनं आत आलं.

म्हणून डीडमध्ये तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: तुम्ही ‘कर्मचारी भागधारक’ म्हणून सामील होताय, संस्थापकांच्या हमीचं, स्पर्धाबंदीचं आणि लीव्हरचं कलम, त्यांचे क्रमांक देऊन, तुम्हाला लागू नाही, आणि सामील होण्याच्या तारखेआधीच्या कोणत्याही जबाबदारीला तुम्ही बांधील नाही. टॅग अलाँग, म्हणजे मोठ्या भागधारकानं शेअर विकले तर त्याच्याबरोबर विकण्याचा तुमचा हक्क, आणि ड्रॅग अलाँग, म्हणजे त्यानं सांगितलं तर त्याच्याबरोबर विकण्याचं बंधन, ही कलमं मात्र राहू द्या. ड्रॅग टाळण्याचा हट्ट धरू नका, तो कुणीही मान्य करणार नाही. फक्त सगळ्यांना मिळेल तोच भाव तुम्हालाही मिळेल ना, एवढं तपासा.

इथे अनेक वकीलसुद्धा घसरतात. फॉर्ममध्ये अपवाद लिहिला, सही केली, की काम झालं असं वाटतं. पण डीडवर सह्या कुणाच्या आहेत? फक्त तुमची असेल तर तो तुमचा एकतर्फी शब्द आहे. त्यानं तुम्ही बांधले जाता, पण गुंतवणूकदाराचे हक्क तुम्ही एकट्यानं कमी करू शकत नाही. बऱ्याच करारांत सगळ्या जुन्या पक्षकारांच्या वतीनं कंपनीनं डीडवर सही करावी अशी तरतूद असते, पण तो अधिकार परिशिष्टातल्या नमुन्यापुरताच असतो. नमुना बदलला की कंपनीची सही त्या अधिकाराबाहेर जाते. त्यात ‘कर्मचारी भागधारक’ हा वर्ग मूळ करारात नसेलच, तर नुसतं डीडमध्ये नाव लिहून तो जन्माला येत नाही. अशा वेळी करार दुरुस्त करण्याचं कलम उघडा, त्यात कुणाकुणाची संमती लागते ते पाहा आणि तेवढ्या लोकांच्या सहीचं दुरुस्तीपत्र डीडसोबतच करून घ्या. नव्या गुंतवणूकदाराला स्वतःचे हक्क हवे असतील तर त्यालाही हेच करावं लागणार आहे, तेव्हा एकाच दुरुस्तीपत्रात दोघांचं काम होऊ शकतं. तुमच्या मागणीला वजन येण्याची हीच वेळ आहे.

आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, तीही चाळून घ्या. लीव्हरची अट तिथेही असेल तर डीडमधला अपवाद अपुरा पडतो, कारण आर्टिकल्स भागधारक झालात की आपोआप लागू होतात.

राहिली वेळ. कंपनीला डीड आधी हवं असतं, कारण डीडशिवाय शेअर नोंदवले तर करारभंग तिच्याकडून होतो. तुम्हाला धोका उलटा आहे: डीड झालं, शेअर रखडले, बंधनं मात्र सुरू. यावर सोपा तोडगा म्हणजे ‘भागधारक नोंदवहीत माझं नाव लागल्या क्षणापासून हे डीड लागू होईल’ हे वाक्य. सही केलेली प्रत तारीख न घालता कंपनीच्या वकिलाकडे ठेवता येते, पण मग ती कधी आणि कोणत्या अटीवर मोकळी करायची हे ई-मेलनं लेखी ठरवून घ्या. कागद ‘डीड’ म्हणून करायचा असेल तर साक्षीदाराची सही लागते का हेही विचारा. घाईत हीच जागा कोरी राहते.

सामील व्हायलाच नकार देणं मात्र बहुधा जमणार नाही, कारण योजनेतच तशी अट असते. त्यामुळे आजच ऑप्शन वापरण्याची शेवटची तारीख पाहा. ती जवळ आली असेल तर आधी मुदतवाढ लेखी मागा. ई-मेल एवढाच पुरे: “मी सामील व्हायला तयार आहे. कृपया सध्या लागू असलेल्या कराराची व आर्टिकल्सची प्रत पाठवावी, मी कोणत्या वर्गात सामील होतोय ते कळवावं, आणि डीडचा मजकूर ठरेपर्यंत माझ्या ऑप्शन्सची मुदत संपणार नाही याची पुष्टी द्यावी.” पुष्टी आली नाही तर शेवटच्या तारखेच्या आत ऑप्शन वापरत असल्याची नोटीस देऊन टाका. त्यासाठी सही केलेलं डीडही सोबत लागतं का हे योजनेच्या अटींत पाहा. लागत असेल तर हाताशी उरलेल्या दिवसांत तुमच्या वकिलाला थेट गुंतवणूकदाराच्या वकिलाशी बोलू द्या, कारण दुरुस्तीपत्रावरची निर्णायक सही तिथूनच यायची आहे.