स्वल्पविराम एकटा कधीच येत नाही

प्रश्न: इंग्रजी करारात 'इन्क्लूडिंग विदाउट लिमिटेशन'च्या आजूबाजूला स्वल्पविराम द्यायचे की नाही? आमच्याकडे एकाच ड्राफ्टमध्ये तीन प्रकारे लिहिलेलं असतं. त्याने खरंच काही बिघडतं का?

हो, बिघडतं. आणि बिघडतं ते तुम्ही बघताय तिथे नाही, यादीच्या शेवटी.

मी एका वाहतूक कंपनीच्या लीगलमध्ये होतो. एका मोठ्या ग्राहकाबरोबरच्या करारात भरपाईची दोन कलमं होती, दोन्ही जवळजवळ सारखीच. नवव्या कलमात असं होतं: 'ऑल लॉसेस, इन्क्लूडिंग, विदाउट लिमिटेशन, पेनल्टीज, लीगल फीज अँड डॅमेज टू गुड्स, कॉज्ड बाय द ट्रान्सपोर्टर्स डिले'. चौदाव्यात 'गुड्स'नंतरचा स्वल्पविराम नव्हता. मी ड्राफ्टवर तो लाल पेनाने घातला होता. आमच्या वरिष्ठांनी खोडला. म्हणाले, "अरे, कोर्ट स्वल्पविराम बघत नाही."

फरक असा. यादीच्या आधी आणि नंतर स्वल्पविराम असला की मधली उदाहरणं बाजूला काढून वाचता येतात, आणि उरतं ते 'आमच्या विलंबामुळे झालेलं सगळं नुकसान'. शेवटचा स्वल्पविराम गेला की 'विलंबामुळे' ही अट फक्त मालाच्या नुकसानीला चिकटली आहे असंही वाचता येतं. मग वकिलाची फी आणि दंड कशामुळेही झाले तरी आमच्याच माथी.

ग्राहकाने नेमकं तेच केलं. त्याचा स्वतःच्या डीलरशी वाद झाला, त्यात आमच्या गाड्यांचा काडीचा संबंध नव्हता, तरी त्या वादाची वकील फी चौदाव्या कलमाखाली आमच्याकडे मागितली. आम्ही म्हटलं, अट सगळ्यालाच लागू आहे. त्यांच्या वकिलांनी नववं कलम शेजारी ठेवलं. "तिथे तुम्ही स्वल्पविराम दिलात, इथे दिला नाहीत. म्हणजे इथे तुम्हाला वेगळाच अर्थ हवा होता." कलम एकटं असतं तर आम्ही वाद घालू शकलो असतो. आमच्याच दुसऱ्या कलमाने आम्हाला अडकवलं. शेवटी तडजोड करून काही रक्कम द्यावी लागली.

एकसारखेपणाचा आग्रह मी धरतो तो यासाठी. समोरचा वकील तुमच्या करारातला प्रत्येक फरक मुद्दाम केलेला आहे असं धरूनच वाचतो.

आता तुमचं. मी 'इन्क्लूडिंग'च्या आधी स्वल्पविराम देतो, मग 'इन्क्लूडिंग विदाउट लिमिटेशन' सलग, आत काहीही नाही. तुम्हाला 'विदाउट लिमिटेशन' स्वल्पविरामात ठेवायचं असेल तर दोन्ही बाजूंना द्या. एकाच बाजूचा स्वल्पविराम सरळ चूक आहे, आणि मी पाहिलेल्या ड्राफ्टांत तोच सर्वांत जास्त दिसतो. 'बट नॉट लिमिटेड टू'लाही हेच. यादीनंतर वाक्य पुढे चालू असेल तर शेवटचा स्वल्पविराम हवाच. 'इन्क्लूडिंग'नंतर कोलन फक्त पोटकलमं पाडायची असतील तरच, आणि मग त्यांच्यामध्ये अर्धविराम.

त्याहून चांगला उपाय म्हणजे अटच आधी आणा: 'ऑल लॉसेस कॉज्ड बाय द ट्रान्सपोर्टर्स डिले, इन्क्लूडिंग...' आणि यादीवर वाक्य संपवा. शेपूटच नाही तर ती कुठे चिकटते हा वाद कशाला होईल? शिवाय व्याख्यांच्या कलमात एकदाच लिहून ठेवा की 'इन्क्लूडिंग' म्हणजे 'विदाउट लिमिटेशन' धरावं, आणि बाकी ठिकाणचं सगळं काढून टाका. अर्धवट काढू नका. चार ठिकाणी 'विदाउट लिमिटेशन' राहिलं की पाचव्या ठिकाणची यादी बंदिस्त आहे, असा युक्तिवाद आलाच म्हणून समजा. सहीआधी वर्डमध्ये including शोधून प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला.

वरिष्ठांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, हेही सांगतो. अश्विनीकुमार घोष प्रकरणात 1952 साली सर्वोच्च न्यायालयात विरामचिन्हांना दुय्यम मानलं गेलं. पण ते कायद्याचा अर्थ लावताना. तिकडे अमेरिकेत, मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचा ओव्हरटाइमचा खटलाही कायद्यावरचाच होता. यादीत एक स्वल्पविराम नसल्यामुळे तरतूद संदिग्ध ठरली, 2017 मध्ये अपील न्यायालयाने ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, आणि पुढच्या वर्षी डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. स्वल्पविरामाचं वजन किती हे न्यायाधीश ठरवतील, पण वाद तिथवर जाऊच नये हे ड्राफ्ट करणाऱ्याचं काम आहे.

एक मात्र खरं, स्वल्पविराम बरोबर असला म्हणून तुम्ही जिंकालच असं नाही. कोर्ट अख्खा करार आणि व्यवहाराचा हेतू बघतं. आमच्या प्रकरणात पत्रव्यवहारही आमच्या बाजूने फारसा नव्हता. तरी तो लाल स्वल्पविराम राहिला असता तर दोन्ही कलमं सारखी असती, आणि समोरच्याला तो मुद्दाच मिळाला नसता.